सुट्या दुधात पाणी आहे का, हे साय आणि लॅक्टोमीटर मिळून सांगतात

प्रश्न: आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. कैक वर्षांपासून गवळ्याकडून म्हशीचं दोन लिटर सुटं दूध रतीबानं घेतो. उन्हाळा लागल्यापासून साय पातळ येते आणि दूध तापवताना बुडाला लागतं. शेजारी म्हणतात की पीठ घालतात, साबणाची पावडरसुद्धा घालतात. घरच्या घरी कसं ओळखायचं? की सरळ पॅकेट सुरू करावं? घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

उत्तर:

साबण आणि पीठ या दोन शंका उद्या सकाळी अर्ध्या तासात मिटतील. पाण्याच्या शंकेला तीन-चार दिवस लागतील, कारण पाणी ओळखायचं तर तुलना करावी लागते. हे होईपर्यंत बाळाला पॅकेटचं दूध द्या. गवळ्यावर आधीच ठपका ठेवायचा म्हणून हे सांगत नाही. चाचणीचे चार दिवस बाळाच्या पोटावर काढायचे नाहीत, एवढंच.

माझी सारी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. गावोगावच्या संकलन केंद्रांतून आलेले कॅन तपासायचे हेच काम. त्यामुळे पहिली सूचना अशी की नुसतं एकच दूध तपासू नका. सकाळी गवळ्याचं दूध येईल त्याच वेळी अर्ध्या लिटरचं फुल क्रीम पॅकेट आणून ठेवा आणि प्रत्येक चाचणी दोन्ही दुधांवर शेजारी शेजारी करा. व्हिडिओ बघून घरी केलेल्या बहुतेक चाचण्या फसतात त्या याच ठिकाणी. फेस आला खरा, पण चांगल्या दुधाला किती येतो हे बघितलेलंच नसतं.

साबणापासून सुरू करू. झाकणाच्या तीन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर चाचणीच खोटी ठरते, म्हणून आधी त्या गरम पाण्यानं तीन-चार वेळा विसळून घ्या, साबण लावू नका. एका बाटलीत गवळ्याचं न तापवलेलं दूध दोन चमचे आणि तेवढंच पाणी. दुसरीत पॅकेटचं दूध तसंच. तिसरीत पॅकेटचंच दूध, पाणी आणि कपडे धुवायच्या पावडरची चिमूट, म्हणजे साबण असला तर काय दिसतं ते डोळ्यांना कळेल. तिन्ही बाटल्या अर्धा मिनिट जोरात हलवून ओट्यावर ठेवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चांगल्या दुधावर फेसाचा पातळ थर येतो, त्यातले बुडबुडे मोठे होत फुटत जातात. साबणाचा फेस दाट आणि बारीक असतो, तो बसत नाही.

यात दोन ठिकाणी चूक होते. साय काढलेलं दूध हलवलं की जास्त फेसाळतं, कारण दुधातली चरबी फेस मोडते. म्हणून म्हशीच्या दुधाची तुलना तीन टक्के फॅटच्या टोन्ड पॅकेटशी करू नका, फुल क्रीमशीच करा. दुसरी गोष्ट कॅनची. कॅन पावडरनं धुऊन नीट विसळला नाही तरी दुधात साबणाचा अंश उतरतो. असा फेस एक दिवस दिसतो, दोन दिवस दिसत नाही. मुद्दाम साबण घालतात तो वेगळ्या कारणासाठी: पाण्यात तेल मिसळून ते दुधासारखं पांढरं दिसावं म्हणून. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला साबण लागतो. तसलं दूध बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, चव मागाहून कडवट येते आणि तापवलं की पिवळट पडतं. लागोपाठ दोन सकाळी दाट फेस टिकला तर कारण कुठलंही असो, ते दूध त्याच दिवशी बंद करा. यात घासाघीस नाही.

आता पीठ. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडिनची लहान बाटली आणा. ती मिळाली नाही तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडिनही चालतं, पण त्याचा स्वतःचा तपकिरी रंग गडद असल्यामुळे अगदी थेंबभरच घ्या. चमचाभर दूध छोट्या पातेल्यात एक उकळी येईपर्यंत तापवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. दोन-तीन थेंब टाका. साध्या दुधाला फिकट पिवळसर रंग येतो, पीठ असेल तर निळा किंवा निळसर काळा. उकळायचं अशासाठी की कच्च्या पिठाचे दाणे उकळल्यावर फुलतात आणि रंग स्पष्ट येतो. थंड करायचं अशासाठी की दूध गरम असताना पीठ असलं तरी निळा रंग टिकत नाही. घाईत गरम दुधात थेंब टाकून 'काही नाही' म्हणणारे मी बघितलेत. इथेही तिसरा नमुना करा: पॅकेटच्या दुधात भाताच्या पेजेचा अर्धा चमचा. तो निळा झाला तर तुमचं आयोडिन जिवंत आहे. जुनी, उघडी राहिलेली बाटली असली की रंगच येत नाही आणि दूध उगाच पास होतं. ज्या पातेल्यात सकाळी पेज उतरवली तेच घेतलं तर चांगलं दूधही निळं होईल, तेवढं सांभाळा.

पीठ कशाला घालतात तेही सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. नुसतं पीठ घालून गवळ्याला काही मिळत नाही. आधी पाणी पडतं, दूध पातळ दिसतं, दुधात तरंगून त्याचा जडपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा उतरतो, मग घट्टपणा परत आणायला पीठ. म्हणजे पीठ सापडलं तर पाणीही आहेच असं धरून चाला. पिठाचं दूध बुडाला जास्त लागतं हे खरं, पण बुडाला लागण्यावरून निष्कर्ष काढू नका. मोठ्या आचेवर पातळ बुडाच्या पातेल्यात कुठलंही दूध लागतं. निळा रंग आला तरच पीठ म्हणा.

आता पाण्याकडे येऊ. तुमच्या दुधात काही असलंच तर पाणी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून इथे जरा थांबून सांगतो. तिरप्या गुळगुळीत ताटावर थेंब सोडून बघायची चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे: चांगला थेंब हळू ओघळतो आणि मागे पांढरी रेघ सोडतो, पाण्याचा पटकन पळतो. ही चाचणी खोटी नाही, पण निम्मं-निम्मं पाणी असेल तेव्हा ती बोलते. म्हशीच्या घट्ट दुधात पाचवा हिस्सा पाणी असलं तरी थेंब रेघ सोडतच उतरेल. सायीचंही तसंच. साडेसहा टक्के फॅटच्या दुधात वीस टक्के पाणी घातलं तरी फॅट पाच टक्क्यांच्या वर उरतं. ती साय गाईच्या बहुतेक दुधापेक्षा जाड येणार. म्हणून 'साय चांगली येते, म्हणजे पाणी नाही' हा आपल्या घराघरातला हिशेब चुकीचा आहे.

त्यासाठी लॅक्टोमीटर लागतो. वैज्ञानिक उपकरणांच्या दुकानात मिळतो, महाग नसतो. ज्याच्या नळीवर आकडे छापलेत तोच घ्या. 'एम, ३, २, १, डब्ल्यू' अशा खुणांचा स्वस्त लॅक्टोमीटर येतो, तो म्हशीच्या दुधासाठी काही उपयोगाचा नाही. घरी आणल्यावर आधी २७ अंशाच्या साध्या पाण्यात सोडून बघा, शून्यावर यायला हवा. नाही आला तर बदलून आणा.

मोजायची रीत अशी. धार काढल्यावर लगेचच्या धारोष्ण दुधात हवा असते आणि आकडा कमी दिसतो, म्हणून दूध काढून तासभर तरी झालेला असावा. तापवलेलं दूध घ्यायचं नाही, कारण त्यातलं पाणी आटून आकडा फुगतो. फ्रिजमधलं असेल तर कोमट करून साय विरघळवा आणि मग थंड होऊ द्या. या पातेल्यातून त्या पातेल्यात, फेस न करता, तीन-चार वेळा ओतून एकसारखं करा, नाहीतर वरच्या दुधाचा आकडा वेगळा आणि खालच्याचा वेगळा येतो. लॅक्टोमीटर तळाला न टेकता तरंगेल एवढं उंच भांडं लागतं. ते काठोकाठ भरा, म्हणजे नळी काठाच्या वर राहते आणि आकडा डोळ्यांसमोर येतो. लॅक्टोमीटर हलकेच सोडा, डोलायचा थांबला की नळीला दूध जिथे वर चढून चिकटलेलं दिसतं तिथला आकडा घ्या. लगेच थर्मामीटर बुडवून तापमान बघा. २७ अंशाच्या वर प्रत्येक अंशाला ०.२ मिळवा, खाली असेल तर तेवढं वजा करा. येतो त्या दुरुस्त आकड्याला डेअरीत सीएलआर म्हणतात. म्हशीच्या दुधाचा तो साधारण ३० ते ३२ येतो, गाईच्या दुधाचा २८ ते ३०.

आता मुख्य गोष्ट. लॅक्टोमीटर एकटाही फसतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि दुधातली साखर, प्रथिनं, क्षार जड. म्हणून साय काढली की आकडा चढतो आणि पाणी घातलं की उतरतो. थोडी साय काढून थोडं पाणी घातलं तर आकडा जाग्यावरच राहतो. त्यामुळे साय आणि आकडा दोन्ही एकदम बघायचे. साय पातळ झाली आणि आकडाही उतरला, तर पाणी. साय पातळ झाली आणि आकडा चढला, तर साय काढलेली आहे, किंवा जनावराचंच फॅट उतरलंय. पावसात ओला चारा खाऊन असं होतं. शिवाय रेडकाला शेवटच्या धारा सोडणाऱ्या गवळ्याच्या दुधातही असं होतं, कारण सगळ्यात जास्त फॅट त्या शेवटच्या धारांत असतं. साय बरीच पातळ झाली आणि आकडा मात्र जसाच्या तसा राहिला, तर साय काढून पाणी घातल्याचा संशय घ्या. आकडा २९-३०च्या आसपास आणि रंगाला पिवळसर झाक आली, तर म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलंय. ते भेसळीपेक्षा भावाचं भांडण आहे.

'किती यायला हवा' याचं उत्तर मात्र पुस्तकात शोधू नका, गोठ्यात शोधा. आमच्याकडे वादाच्या वेळी हीच रीत: समोर धार काढायची, तोच नमुना न्यायचा. एका ओळखीच्या घरातलं उदाहरण सांगतो, तुमच्यासारखंच दोन लिटरचं. एप्रिलचा महिना, साय पातळ, घरी आकडा २५ आणि दूध २९.५ अंशांवर. दुरुस्तीचे ०.५ मिळवून सीएलआर २५.५. साबण नाही, पीठ नाही. त्या बाईंनी गवळ्याला न दुखावता विचारलं, "मामा, उद्या सकाळी धार काढताना गोठ्यावर येऊ काय? बाळाला तुमचंच दूध लावायचं आहे." मामा म्हणाले, "या की." तिथे समोर काढलेल्या दुधाचा सीएलआर दोन तासांनी घरी ३१ आला. दोन्ही नमुने त्यांनी ओळखीच्या गावच्या दूध डेअरीत नेले. संकलनाची वेळ संपल्यावर सेक्रेटरीला विनंती केली तर मशिनवर लावून देतात, पन्नास-शंभर मिली पुरतं. गोठ्याच्या दुधाचं फॅट ६.८ निघालं, घरच्याचं ५.५.

फॅट आणि सीएलआर हाती आले की दुधातला बाकीचा घनभाग, म्हणजे एसएनएफ, काढता येतो. डेअरीत वापरायचं सूत्र असं:

एसएनएफ = सीएलआर ÷ ४ + ०.२१ × फॅट + ०.३६

शेवटचा स्थिरांक संघासंघात थोडा वेगळा असतो, तुलनेला त्यानं फरक पडत नाही. गोठ्याचं दूध: ७.७५ + १.४३ + ०.३६, म्हणजे ९.५. घरचं: ६.३८ + १.१६ + ०.३६, म्हणजे ७.९. म्हशीच्या दुधाला कायद्यानं ९ लागतो. गाईच्या दुधालाही ८.३ लागतो. म्हणजे हे दूध गाईचं म्हणूनसुद्धा पास होत नव्हतं, आणि फॅट मात्र साडेपाच, म्हणून साय बघून कोणाला कळलं नसतं. पाणी किती? ३१ वरून २५.५, म्हणजे साडेपाचची घट. ५.५ भागिले ३१ केलं की साधारण १८ टक्के येतात. एसएनएफवरून काढलं तर १७ येतात. दोन वाटांनी जवळपास एकच उत्तर आलं की ते खरं मानावं. दोन लिटरमागे सुमारे साडेतीनशे मिली पाणी, महिन्याला दहा लिटर.

पुढे जे निघालं ते ऐकण्यासारखं आहे. मामा गोठ्यात पाणी घालत नव्हते. उन्हाळ्यात दूध फाटू नये म्हणून कॅनमध्ये बर्फाचे तुकडे टाकत होते आणि घरोघर फिरून शहापुरात पोहोचेपर्यंत बर्फ विरघळलेला असायचा. ग्राहकाच्या दृष्टीनं ते पाणीच, आणि बाजारचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते कोणाला ठाऊक. उपाय सोपा निघाला: बर्फ कॅनच्या बाहेर, ओल्या पोत्यात. दुसऱ्या आठवड्यात आकडा ३०.५ आला. तुमचीही तक्रार उन्हाळा लागल्यापासूनची आहे, तेव्हा गवळ्याला हे आधी विचारा. दुसरी शक्यता ओतणीची: चार घरांचं दूध एका कॅनमध्ये पडतं आणि पाणी त्यातल्या एकाच घरचं असतं. गवळ्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. आकडे समोर ठेवले की चांगला गवळी स्वतः शोध घेतो. जो गोठ्यावर यायलाच नको म्हणतो, रोज नवं कारण सांगतो, त्याच्या दुधाचं उत्तर तिथेच मिळालं.

आकडा एक-दीडनं कमी-जास्त झाला तर मात्र गवळ्याला धारेवर धरू नका. विण्याचे महिने पुढे गेले, म्हैस बदलली, सकाळ-संध्याकाळच्या धारेत अंतर पडलं की एवढा फरक पडतो. तीन-चार सकाळी मोजा. रोज २५-२६ येत असेल तरच पाणी म्हणा. डेअरीच्या मशिनलाही मर्यादा आहे. ते 'इतकं टक्के पाणी' असं छापून देतं, पण त्यात आधी एक ठरावीक दूध गृहीत धरलेलं असतं. साखर किंवा युरिया घालून घनभाग फुगवला असेल तर साधं मशिन फसतं, लॅक्टोमीटरही फसतो. घरात यापुढे जाता येत नाही.

साबणाच्या पावडरीची भीती किती बाळगावी? अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले होते. त्यांपैकी आरोग्याला घातक अशी भेसळ १२ नमुन्यांत निघाली, आणि डिटर्जंट त्यातल्या तिघांत. फॅट किंवा एसएनएफसारख्या गुणवत्तेच्या निकषांत मात्र ४१ टक्के नमुने कुठे ना कुठे कमी पडले. म्हणजे साबणाचं दूध असतं, पण क्वचित. शेजाऱ्यांच्या बोलण्यानं घाबरून जाऊ नका, आणि अर्ध्या तासाची चाचणी मात्र चुकवू नका.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती, पॅकेट निवडणाऱ्यांनी ऐकावी अशी. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीपासून येणारं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि त्याचं प्रमाण कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त होतं. हे कोणी घालत नाही. बुरशी आलेली पेंड, भिजून काळा पडलेला कडबा जनावराच्या पोटात गेला की ते दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. पॅकेटचं दूध हजारो गोठ्यांचं मिळून असतं, त्यात तुम्ही चारा बघू शकत नाही. तुमच्या गवळ्याची पेंड कोरड्या जागी आहे की गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यात, हे मात्र बघू शकता. गोठ्यावर जाल तेव्हा आकड्याइतकंच हेही बघा. पावसाळ्यात खानापूरकडच्या गोठ्यांत तर आवर्जून बघा.

मग पॅकेट सुरक्षित की नाही? पाणी, पीठ, साबण या तीन बाबतींत नंदिनी, गोकुळसारख्या सहकारी संघांचं पॅकेट सुट्या दुधापेक्षा भरवशाचं, असं मी म्हणेन. कॅन उतरतानाच दूध तपासलं जातं, फॅट आणि एसएनएफ ठरलेल्या आकड्यावर आणलं जातं, ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलं जातं. कमी पडलं तर पकडता येतं, कारण आकडा पिशवीवर छापलेला असतो. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, ८.५ एसएनएफ. स्टँडर्डाइज्ड ४.५ आणि ८.५. फुल क्रीम ६ आणि ९. टोन्ड दुधात स्किम पावडर आणि पाणी वापरायला कायद्यानं परवानगी आहे, ती भेसळ नाही. पण म्हशीच्या दुधाची सवय असलेल्या घराला ते पाणचट लागणारच, आणि दीड वर्षाच्या बाळाला टोन्ड देऊ नका, त्याला फॅट लागतं. काही पॅकेटांतलं दूध एकजीव केलेलं, म्हणजे होमोजिनाइज्ड असतं, त्याला जाड साय धरत नाही. त्यावरून पाणी समजू नका.

पॅकेटचं दुखणं वेगळं आहे. ते गारव्यावर जगतं. पहाटे गाडी येते, क्रेट दुकानाच्या फळीवर ठेवते, आणि मे महिन्यात आठ वाजेपर्यंत ते तिथेच ऊन खात असतं. असं दूध भेसळीचं नसूनही संध्याकाळी फाटतं. दुकानदार क्रेट आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवतो का ते बघून दुकान निवडा. तारीख बघा, फुगलेली किंवा हाताला कोमट लागणारी पिशवी परत द्या. पाश्चराइज्ड दूध न उकळता चालतं असं लिहिलेलं असतं आणि गारवा तुटला नसेल तर ते खरंही आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी एक उकळी आणायलाच सांगतो.

सुटं दूध मात्र न उकळता कधीच कोणाच्या पोटात जाऊ नये. धारोष्ण दूध बाळाला चांगलं, असं आजी कितीही म्हणाली तरी नाही. गोठा कितीही स्वच्छ असला तरी जनावराच्या क्षयाचे, ब्रुसेलाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. दूध वर आलं की आच कमी करून दोन-तीन मिनिटं ढवळत राहा आणि मग लवकर गार करा. उकळल्यानं पाण्यातले जंतू जातात, म्हणजे पाणी घातलेलं दूध विष होत नाही. पण बाळ पोटभर पितं आणि अंगी मात्र कमी लागतं, हे नुकसान राहतंच. साबण आणि अफ्लाटॉक्सिन उकळूनही जात नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. गवळी गोठ्यावर येऊ देतो, साबण-पीठ निघालं नाही, आणि बर्फाचं बोलणं झाल्यावर आकडा ३० च्या पुढे स्थिरावला, तर त्याचंच दूध ठेवलं असतं. महिन्यातून एकदा, न सांगता, लॅक्टोमीटर लावला असता. गोठाच कुठे आहे ते कळत नसेल, दूध तीन हातांतून येत असेल, किंवा आठवडाभरात आकडा सुधारला नाही, तर फुल क्रीम पॅकेट लावलं असतं. दोन्ही थोडं थोडं घेऊन बाळाला पॅकेट आणि मोठ्यांना चहा-विरजणाला गवळ्याचं, असंही कित्येक घरं करतात, त्यात काही वावगं नाही.

साबण किंवा पीठ दोनदा निघालं आणि गवळी ऐकत नसेल, तर घरच्या चाचणीवरून तक्रार टिकणार नाही. जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे जा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून दूध तपासून घेता येतं. अट एकच: दूध घेतानाच विकणाऱ्याला सांगावं लागतं की हे मी तपासायला देणार आहे. म्हणून त्या सकाळी दारात एखादा शेजारी साक्षीला असू द्या, आणि नमुना कशात, किती आणि किती गार ठेवून आणायचा ते आदल्या दिवशीच कार्यालयात विचारून घ्या. दूध वाटेत नासलं तर अहवालाला अर्थ उरत नाही. नमुना नापास झाला तर भरलेली फी परत मिळते.